अर्जाची भाषा : भाग ६ – घोषणा बाजूला ठेवून अटी वाचा

गेल्या आठवड्यात निवेदनाचा पहिला परिच्छेद पाहिला. या वेळी त्याच्या आधीचं काम, म्हणजे संकेतस्थळ आणि माहितीपुस्तिका वाचणं. उदाहरण चिव्हनिंग शिष्यवृत्तीचं घेऊ. ब्रिटिश सरकारची ही योजना 1983 पासून चालू आहे आणि ती ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा खर्च देते. महाराष्ट्रातूनही अनेकजण तिच्यासाठी अर्ज करतात.

पुस्तिका उघडली की आधी मोठ्या अक्षरांतले शब्द दिसतात : नेतृत्व, प्रभाव, जागतिक नेटवर्क, बदल. हे शब्द जवळजवळ प्रत्येक शिष्यवृत्तीच्या पुस्तिकेत असतात, म्हणून त्यांतून या योजनेविषयी फारसं काही कळत नाही. मी ते पान उलटून थेट पात्रतेच्या अटींकडे जाते. संस्था पैसे कशाला देते, कशाला देत नाही आणि काय मोजते, हे अटींमध्ये लिहिलेलं असतं आणि तिथे नटवून लिहायला वाव नसतो.

चिव्हनिंगची एक अट आहे 2,800 तासांच्या कामाच्या अनुभवाची. आठवड्याला 35 तास आणि वर्षाला 40 आठवडे धरले तर ही दोन वर्षं होतात. पण त्यात अर्धवेळ काम चालतं, स्वयंसेवी काम चालतं, बिनपगारी इंटर्नशिपही चालते. म्हणजे इथे पगार किंवा हुद्दा बघत नाहीत, तुम्ही खरोखर काम केलं आहे का ते बघतात. दुसरी अट अशी की अभ्यास संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहायचं. ती समजून घेताना हा पैसा ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याकडून येतो हे लक्षात घ्या. ब्रिटनला निरनिराळ्या देशांत ओळखीची, पुढे निर्णय घेणाऱ्या जागांवर जाणारी माणसं हवी आहेत. म्हणून संबंध जोडण्यावर वेगळा निबंध मागतात. तिथे त्यांना तुमच्या ओळखींची यादी नको असते. ओळख कशी जोडता, टिकवता आणि तिचा दोघांनाही उपयोग कसा होतो, हे पाहायचं असतं.

आता एका अर्जाकडे येऊ. सांगोला तालुक्यात भूजलावर काम करणारी एक मुलगी माझ्याकडे मसुदा घेऊन आली होती. त्यात लिहिलं होतं : "मला भविष्यातील नेता म्हणून जागतिक नेटवर्कचा भाग बनून माझ्या समाजात सकारात्मक बदल घडवायचा आहे." मी तिला एकच काम सांगितलं. पुस्तिकेतला जो शब्द मसुद्यात आहे, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मार. रेघा मारून झाल्यावर न रेघलेलं असं फक्त "मला", "म्हणून" आणि "माझ्या" एवढंच उरलं. ती गप्प झाली, आणि मलाही वाईट वाटलं, कारण तिचं काम फार मोलाचं होतं आणि त्यातलं काहीच कागदावर आलेलं नव्हतं.

मग प्रत्येक रेघेवर मी विचारत गेले : हे तू कधी केलंस? "नेटवर्क"वर तिने सांगितलं, की बोअर मारणारे ठेकेदार आणि गावातल्या बचत गटाच्या बायका एकमेकांशी बोलत नसत. तिने बायकांना विहिरींची पाणीपातळी दर पंधरा दिवसांनी मोजायला शिकवलं आणि ते आकडे ठेकेदारांना दाखवले. कुठे बोअर कोरडी जाणार हे कळू लागल्यावर ठेकेदारच आपणहून खोलीच्या नोंदी देऊ लागले. आजही ते तिला फोन करतात. निबंधात हेच उतरलं, नेटवर्क हा शब्द एकदाही न वापरता. परत येण्याच्या अटीवर तिने देशप्रेमाची वाक्यं लिहिली नाहीत. पहिल्या दोन वर्षांत कोणत्या गावांत मोजणी वाढवणार, भूजल सर्वेक्षण यंत्रणेतल्या कोणत्या कामाशी ती जोडणार आणि त्यासाठी ब्रिटनमधल्या अभ्यासक्रमातला कोणता विषय लागतो, ते लिहिलं.

मसुदा झाल्यावर योजनेचं नाव झाकून वाचा. तोच निबंध दुसऱ्या कुठल्याही शिष्यवृत्तीला चालत असेल, तर अटी नीट वाचल्या गेल्या नाहीत. उलट टोकाची चूकही होते. घोषणा टाळायच्या म्हणून काहीजण प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्द शोधतात, "नेतृत्व" काढून "पुढाकार" घालतात. त्याने काही साधत नाही, प्रसंग आला पाहिजे.

छापील पुस्तिका मागच्या वर्षाची असू शकते, आणि निबंधांचे प्रश्न व शब्दमर्यादा बदलतात. म्हणून अटी नेहमी चालू वर्षाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. वाचता वाचता एखादी अट मनाला पटेना, उदाहरणार्थ परत येऊन दोन वर्षं राहायचंच नसेल, तर ती पटल्यासारखं लिहू नका. मुलाखतीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच ते उघडं पडतं. तेवढाच वेळ तुमच्या इराद्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या योजनेच्या अटी वाचायला द्या.

पुढच्या भागात : शिफारसपत्र मागताना गुरुजनांना काय माहिती द्यावी.