शेऱ्याच्या आधी नोंद

‘पाठ प्रभावी झाला. शैक्षणिक साहित्य वापरले. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला.’ परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत कुठल्याही शाळेत, कुठल्याही तासाला हा शेरा चालून जातो. त्यामुळेच तो शिकवणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. एका शिक्षकाने दुसऱ्याचा तास पाहून लिहिलेला अहवाल याहून फार वेगळा असू शकतो. एक तास कल्पून ते पाहू.

समजा, सेलू तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा आहे. पाचवीचा वर्ग, चोवीस मुलं, चार ओळी. विषय अपूर्णांकांची तुलना. तास पाहायला शेजारच्या वर्गाचे सर येणार आहेत. आदल्या दिवशी ते विचारतात, “मॅडम, मी नेमकं काय बघू?” बाई म्हणतात, “मागची पोरं बोलतच नाहीत सर. तेवढं बघा.”

या एका वाक्याने निरीक्षणाला हद्द मिळते. सर वर्गाच्या मागे न बसता बाजूला बसतात, कारण मागून फक्त पाठी दिसतात. वहीत तीन रकाने आखलेले: वेळ, दिसलं-ऐकलं, आणि मला काय वाटलं. तिसरा रकाना तास संपेपर्यंत कोराच ठेवायचा. हे अवघड जातं. हात आपोआप ‘छान’ लिहायला जातो आणि तेवढ्यात एखाद्या मुलाचं उत्तर निसटतं. शेजारच्या पानावर बैठकीचा नकाशा काढलेला असतो. बाईंनी ज्या मुलाला प्रश्न विचारला, त्याच्या चौकोनात एक रेघ.

तासाअखेर नकाशावर अठरा रेघा असतात. पहिल्या दोन ओळींत तेरा, तिसरीत चार, शेवटच्या ओळीत एक. ती एक रेघच तासाचा गाभा ठरते. अकरा वाजून बारा मिनिटांनी शेवटच्या ओळीतला मुलगा म्हणाला होता, “तीनपेक्षा चार मोठं, म्हणून एक चतुर्थांश मोठा.” बाई ‘चूक’ म्हणाल्या नाहीत. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या देऊन एकीच्या तीन आणि दुसरीच्या चार सारख्या घड्या घालायला लावल्या, आणि गप्प राहिल्या. सरांनी मनात सातपर्यंत मोजलं. मुलाने एकेक भाग एकमेकांवर ठेवला आणि म्हणाला, “जास्त वाटे केले की वाटा बारीक होतोय.”

अहवालात हे असं उतरतं: ‘११.१२ वाजता चुकीचं उत्तर आल्यावर तुम्ही ते खोडलं नाही. पट्ट्या दिल्या आणि सुमारे सात सेकंद थांबलात. त्याने नियम स्वतःच्या शब्दांत सांगितला. इतर प्रश्नांनंतर बहुतेकदा सेकंदभरात पुढचं नाव घेतलं गेलं. अठरापैकी एकच प्रश्न शेवटच्या ओळीत गेला, आणि सगळ्यात खोल उत्तर तिथूनच आलं. ही सात सेकंदं तुम्ही ठरवून थांबला होतात का?’

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी वाचून बाईंना बळ येतं. आपण नेमकं काय केल्यावर काय घडलं, हे त्यांना कळतं, म्हणजे ते पुन्हा करता येतं. सुधारणेची सूचनाही त्यांच्याच तासातून निघते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात अशीच मोजणी केली होती. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभर थांबत. ते तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांबत, गप्प मुलं बोलू लागत. म्हणून सर एकच गोष्ट सुचवतात: आधी प्रश्न, मग मनात तीन अंक, मग नाव. पाच सूचना दिल्या तर एकही टिकत नाही.

सरांच्या कच्च्या मसुद्यात ‘मुलांना संकल्पना समजली’ असंही एक वाक्य असतं. ते त्यांनी खोडायलाच हवं. पुरावा एका मुलाचा आहे, तेविसांचा नाही. त्यांच्या वह्या पाहिल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. शिवाय पाहुणा बसला की वर्ग थोडा बदलतो, आणि एक तास म्हणजे ती शिक्षिका नव्हे.

खरी अडचण द्विशिक्षकी शाळेची आहे. सर इकडे बसले तर त्यांचा वर्ग कोण सांभाळणार? म्हणून पूर्ण तासाचा हट्ट नको. आपल्या मुलांना लेखी काम द्यावं, मधलं दार उघडं ठेवावं आणि वीस मिनिटं बसावं. वीस मिनिटांतही नकाशावर पुरेशा रेघा पडतात. बोलणं मात्र त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत व्हावं. आठवड्याने ‘तो मुलगा काय म्हणाला होता’ हे दोघांनाही नीट आठवत नाही.

कागद बाईंकडे राहावा. तो गोपनीय अहवालाला जोडला जाणार असा नुसता संशय आला, तरी पुढच्या वेळी घोटून बसवलेला तास पाहायला मिळेल आणि मागच्या ओळीला धोक्याचा प्रश्न जाणारच नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पट्ट्यांची गोष्ट सांगायची की नाही, हे बाईंनीच ठरवावं. पंधरा दिवसांनी सर पुन्हा येतील, तेव्हा वहीत तोच नकाशा असेल, चोवीस कोऱ्या चौकोनांचा.