फोनचा चार्जर लॅपटॉपला चालतो का?

खोक्यावर ‘८० वॉट’ असे ठळक छापलेला फोनचा चार्जर लॅपटॉपला जोडला, तर लॅपटॉप अनेकदा त्याची दखलही घेत नाही. त्याच लॅपटॉपला दुसऱ्या कुणाचा ४५ वॉटचा चार्जर लावला, की चार्जिंगचे चिन्ह लगेच उमटते. मोठा आकडा हरला आणि लहान जिंकला, याचे नवल वाटते. पण लॅपटॉपच्या दृष्टीने खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला दुय्यम महत्त्व असते. खरे उत्तर चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेल्या ‘आउटपुट’च्या ओळीत सापडते, आणि ती ओळ वाचणे अजिबात अवघड नाही.

आधी एक अट. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असले पाहिजे आणि त्या पोर्टमधून वीज आत घेण्याची सोय हवी. कमी किमतीच्या बऱ्याच लॅपटॉपवर टाइप-सी पोर्ट दिसते, पण ते फक्त माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असते. तिथे जगातला कोणताही चार्जर लावला तरी काही होणार नाही. पोर्टजवळ बॅटरीचे किंवा प्लगचे छोटे चिन्ह असेल तर बहुधा चार्जिंग होते. चिन्ह नसेल तर लॅपटॉपचे माहितीपत्रक पाहावे, कारण काही कंपन्या चिन्ह छापतच नाहीत.

आता व्होल्टेजकडे वळू. फोनमध्ये बहुधा एकच लिथियम सेल असतो आणि पूर्ण भरल्यावर त्याचे व्होल्टेज साधारण ४.४ असते. लॅपटॉपमध्ये मात्र दोन, तीन किंवा चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. तीन सेलची बॅटरी भरत आली की तिच्या टोकांवर जवळपास १३ व्होल्ट येतात. बाहेरून येणारी वीज ९ व्होल्टची असेल, तर ती थेट या बॅटरीत शिरू शकत नाही. आधी तिचे व्होल्टेज वाढवावे लागते. लॅपटॉपच्या आतले चार्जिंग सर्किट फक्त व्होल्टेज उतरवणारे असेल, तर त्याला बॅटरीपेक्षा वरचाच पुरवठा लागतो आणि म्हणून ते २० व्होल्ट मागते. व्होल्टेज चढवणे आणि उतरवणे, दोन्ही जमणारे सर्किट बसवलेले असेल, तर ९ व्होल्टवर, कधी कधी ५ व्होल्टवरसुद्धा, बॅटरी हळूहळू भरते. मॅकबुक एअर या दुसऱ्या गटातला आहे. विंडोजवर चालणारे अनेक लॅपटॉप मात्र १५ किंवा २० व्होल्टखालचा चार्जर सरळ नाकारतात.

चार्जर आपल्याकडे काय आहे ते लॅपटॉपला सांगतो कसा? टाइप-सीच्या टोकात इतर संपर्कांबरोबर सीसी नावाची एक छोटी जोडणी असते. केबल दोन्हीकडे बसली, की चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग याच जोडणीवरून तो आपली यादी पाठवतो: ५ व्होल्टला ३ अँपिअर, ९ व्होल्टला ३ अँपिअर, आणि असेच पुढे. लॅपटॉप त्यातला एक पर्याय निवडून मागणी करतो, चार्जर ती मान्य करतो, आणि मगच व्होल्टेज वर चढते. या संवादाच्या पद्धतीला यूएसबी पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी, म्हणतात. लॅपटॉपच्या चार्जरने फोन जळेल ही भीती अनेकांना वाटते, पण चांगल्या प्रतीच्या पीडी चार्जरच्या बाबतीत ती अनाठायी आहे. फोनने मागितल्याशिवाय २० व्होल्ट येतच नाहीत, आणि अँपिअर तर फोन स्वतःला हवे तेवढेच ओढतो.

या यादीत काय असावे याचेही नियम आहेत आणि चार्जर निवडताना त्यांचा उपयोग होतो. १५ वॉटपेक्षा जास्त क्षमतेच्या पीडी चार्जरने ९ व्होल्ट दिलेच पाहिजेत. २७ वॉटच्या वर गेले की १५ व्होल्ट आणि ४५ वॉटच्या वर गेले की २० व्होल्ट यादीत आले पाहिजेत. ३० किंवा ४५ वॉटचे बरेच चार्जर सक्ती नसतानाही कमी अँपिअरवर २० व्होल्ट देतात. उदाहरणार्थ ४५ वॉटचा चार्जर २० व्होल्टला २.२५ अँपिअर. आजकाल फोनसाठी मिळणारे २० ते २५ वॉटचे चार्जर मात्र सहसा ९ व्होल्टवर थांबतात. विंडोज लॅपटॉप आणि फोनचा चार्जर यांची जोडी बहुतेक वेळा फसते ती इथेच.

आता ८० वॉटच्या चार्जरची गोष्ट उलगडते. अनेक कंपन्यांच्या वेगवान चार्जरला टाइप-सीचे पोर्ट नसते. त्याला जुने, रुंद, चौकोनी टाइप-ए पोर्ट असते आणि केबलचे फक्त फोनकडचे टोक टाइप-सी असते. टाइप-ए पोर्टमध्ये सीसीची जोडणीच नसते, म्हणून पीडीचा संवाद सुरूच होत नाही. ते ८० वॉट त्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत, त्याच कंपनीच्या फोनशी बोलून मिळतात. परका लॅपटॉप समोर आला की चार्जर त्याच्या सर्वांत खालच्या पातळीवर उतरतो. अशा चार्जरवर कित्येकदा ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ असे छापलेले दिसते. म्हणजे फक्त १० वॉट. चार्जर खराब झालेला नसतो. खोक्यावरचा आकडाही खोटा नसतो, पण तो आपल्या लॅपटॉपसाठी नसतोच.

चार्जर टाइप-सीचा आहे आणि लॅपटॉप ९ व्होल्ट स्वीकारतो असे गृहीत धरून थोडा हिशेब करू. २५ वॉटच्या चार्जरवर ९ व्होल्ट आणि २.७७ अँपिअर लिहिलेले असते. गुणाकार केला की २५ वॉट येतात. रूपांतरात आणि केबलमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते, म्हणून बॅटरीपर्यंत साधारण २१ ते २२ वॉट पोचतात असे धरू. बॅटरी ५० वॉट-तासांची आहे. लॅपटॉप बंद ठेवला तर ती सुमारे अडीच तासांत भरायला हवी. पण शेवटच्या टप्प्यात चार्जिंग मुद्दाम संथ होते, म्हणून तीन तास धरावेत. लॅपटॉप चालू ठेवून लेखन किंवा ई-मेलचे हलके काम केले, तर ते काम स्वतःच ८ ते १० वॉट खाते. उरलेल्या वीजेवर बॅटरी भरायला साडेचार-पाच तास लागतील. व्हिडिओ कॉलवर हा खर्च १५ ते २० वॉटपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा टक्केवारी जवळजवळ जागच्या जागी राहते. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप खेळताना शंभर वॉटच्याही पुढे जातो. त्याला हा चार्जर लावला तर केबल जोडलेली असूनही बॅटरी उतरत राहते, आणि काही लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेगच कमी करतात.

आपल्या बॅटरीची क्षमता माहीत नसेल, तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढची ओळ टाइप करावी:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या फाइलचा पत्ता पडद्यावर येतो. त्या फाइलमधला `DESIGN CAPACITY` हा आकडा मिलिवॉट-तासांत असतो. ५०,००० म्हणजे ५० वॉट-तास. त्याखालचा `FULL CHARGE CAPACITY` सांगतो की बॅटरी आता प्रत्यक्षात किती धरते. जुन्या लॅपटॉपमध्ये हा दुसरा आकडा बराच कमी असतो आणि वरचा हिशेब त्यावरूनच करावा.

चार्जिंग नीट होते आहे की नाही हे ओळखायला पडद्यावरची टक्केवारी पुरते. ती वीस मिनिटांत वाढली, तशीच राहिली की घटली, एवढेच पाहायचे. विंडोज कमी क्षमतेच्या चार्जरला ‘स्लो चार्जर’ असा इशारा देते. तो धोक्याचा नसतो. ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असे दिसले तर दोन शक्यता असतात. एक तर वीज लॅपटॉप चालवायला पुरते पण बॅटरी भरायला उरत नाही, किंवा बॅटरी जपण्यासाठी लॅपटॉपनेच ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सेटिंग लावलेली असते. काही घडतच नसेल तर चार्जर लॅपटॉपने नाकारला आहे, पोर्ट चुकीचे आहे किंवा केबल जुनी आहे, या क्रमाने तपास करावा. संथ चार्जिंगने बॅटरीचे काही बिघडत नाही. मात्र छोटा चार्जर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा तापतो. हाताला कोमट लागणे ठीक आहे. हात ठेववत नसेल किंवा वास येत असेल, तर ताबडतोब काढावा. चार्जरवर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे निदान लॅपटॉपला जोडण्याआधी तरी पाहून घ्यावे.

केबलकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. दोन्हीकडे टाइप-सी असलेली धड केबल ३ अँपिअर वाहते. २० व्होल्टवर ते ६० वॉट होतात. त्याहून जास्त हवे असेल तर ५ अँपिअरची केबल लागते. तिच्या टोकात एक छोटी चिप असते आणि ती चार्जरला सांगते की एवढा भार मी पेलू शकते. चिप नसेल तर १०० वॉटचा चार्जरही त्या केबलमधून ६० वॉटच देतो. ही मर्यादा आपल्या भल्याची आहे. खरी जोखीम चुकीच्या जोडणीच्या स्वस्त केबलची. गुगलमधले अभियंते बेन्सन लियुंग यांनी २०१५ पासून बाजारातल्या टाइप-सी केबल स्वतः तपासायला सुरुवात केली होती. २०१६च्या आरंभी अशाच एका केबलने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल निकामी केला. तिच्यात वीजेची आणि ग्राउंडची तार उलटसुलट जोडलेली होती. चार्जर कितीही चांगला असला तरी अशा केबलपुढे त्याचे काही चालत नाही.

नवा चार्जर घ्यायचाच असेल, तर फोनसाठी आणि लॅपटॉपसाठी मिळून एकच, ६५ वॉटचा, टाइप-सी पोर्टचा पीडी चार्जर बऱ्याच घरांना पुरतो. दोन पोर्टचा असेल तर वेष्टनावरचे वाटपाचे कोष्टक वाचावे. एकट्या लॅपटॉपला ६५ वॉट मिळतात, पण शेजारी फोन जोडला की ते अनेकदा ४५ आणि २० असे विभागले जातात. फोन लावताच चार्जर नवी यादी पाठवतो, संवाद पुन्हा होतो आणि लॅपटॉपचे चार्जिंग क्षणभर थांबून परत सुरू होते.