साडेतेरा तासांचा हिशेब

दोनशे किलोमीटरची सायकलवारी म्हटली की बहुतेकांना वेगाची धास्ती वाटते. प्रत्यक्षात ही राईड बिघडते ती बहुधा थांब्यांवर. पॅरिसच्या ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’च्या नियमांनुसार जगभर बीआरएम राईड होतात आणि त्यांत २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे मिळतात. चहा, जेवण, पंक्चर, रस्ता चुकणे हे सगळे त्याच वेळात बसवावे लागते. तुम्ही सायकलवरून उतरलात तरी घड्याळ चालूच राहते.

शिवाय हा वेळ शेवटी एकदम मोजला जात नाही. वाटेतले प्रत्येक कंट्रोल, म्हणजे तपासणीचे ठिकाण, ठरल्या वेळी उघडते आणि बंद होते. तिथे ब्रेव्हे कार्डावर वेळेची नोंद होते. माणूस हजर नसेल, तर आयोजकांनी सांगितलेला पुरावा, उदाहरणार्थ दुकानाची किंवा एटीएमची पावती, जपून ठेवायचा. बाहेरची मदत घ्यायची तर तीही कंट्रोलवरच. वाटेत मागून गाडी आणता येत नाही.

समजा, डिसेंबरात पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने जाऊन परत यायचे आहे आणि सुरुवात सकाळी ६ वाजता आहे. ५० किलोमीटरवरचे कंट्रोल ९.३० वाजता बंद होईल, १०० वरचे १२.४० ला, १५० वरचे दुपारी ४ ला आणि शेवटचे संध्याकाळी ७.३० ला. हे आकडे कागदावर लिहून हँडलला चिकटवावेत आणि शेजारी आपल्या वेळा लिहाव्यात.

पहिले ५० किलोमीटर ताशी २० च्या वेगाने गेलात तर साडेआठला पोहोचाल. पंधरा मिनिटांत पाणी भरून निघा. पुढच्या टप्प्यात खंबाटकी घाट आहे, तेव्हा पावणेतीन तास धरा. म्हणजे साडेअकराला निम्मे अंतर संपेल आणि जेवणाला चाळीस मिनिटे मिळतील. परतीच्या उन्हात वेग आणखी उतरेल, म्हणून पुढच्या ५० ला तीन तास द्या. तीन वाजून दहा मिनिटांनी दीडशेवर पोहोचाल, वीस मिनिटे थांबून साडेतीनला निघाल आणि साडेसहाला राईड संपवाल. हाताशी एक तास उरतो. ट्यूब बदलायला वीस मिनिटे लागली तरी तो पुरतो, पण हॉटेलात तीनदा अर्धा-अर्धा तास जास्त बसलात तर संपून जातो. म्हणून आधी पाणी भरा, मग जेवण मागवा आणि ते येईपर्यंत कार्डाचे काम उरका.

खाण्याचा हिशेबही घड्याळावरच ठेवावा, भुकेवर नाही. एवढ्या लांब राईडला तासाला साधारण ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. मध्यम आकाराच्या दोन केळ्यांतून पन्नासेक ग्रॅम मिळतात. केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेला बटाटा यांतले काही ना काही दर अर्ध्या तासाला, अगदी पहिल्या तासापासून, पोटात जायला हवे. निम्म्या वाटेवर तर्रीदार मिसळीपेक्षा दहीभात किंवा इडली बरी, कारण तेलकट जेवण पोटात रेंगाळते आणि वर ऊन असते. सपाट रस्त्यावर वेग विनाकारण घसरू लागला, चिडचिड झाली, डोके हलके वाटले, तर खाणे मागे पडले आहे असे समजा. थांबा, गोड खा, मग निघा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते. कडक उन्हात थोडे जास्त. पण दिवसभर नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि मळमळ, डोकेदुखी सुरू होते. म्हणून एका बाटलीत साधे पाणी ठेवा आणि दुसरीत पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवलेले ओआरएस.

राहिले दिवे. डिसेंबरात पुण्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे शेवटच्या मिनिटाला पोहोचलात, तर सकाळचा एक आणि संध्याकाळचा दीड असे अडीच तास अंधारात जातील. परतीला बोगदाही लागू शकतो. पुष्कळ दिवे पूर्ण प्रकाशावर दीड-दोन तासच टिकतात. तेव्हा आदल्या आठवड्यात दिवा मधल्या प्रकाशावर लावून तो किती वेळ चालतो ते घरीच पाहा. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा सायकललाच पक्का बसवा, लाल दिवा सीटखालच्या बॅगेआड जात नाही ना ते पाहा आणि अंगात परावर्तक जाकीट घाला.

दीडशेवर थोडा उशीर झाला म्हणून लगेच हार मानू नका. ठीक चार वाजता पोहोचून लगेच निघालात, तर उरलेल्या पन्नास किलोमीटरला साडेतीन तास असतात. त्यासाठी ताशी साडेचौदाचा वेग पुरतो. मात्र ओआरएस घेऊनही उलट्या थांबत नसतील किंवा मागचा दिवा बंद पडला असेल आणि दुसरा नसेल, तर वेळ शिल्लक असली तरी आयोजकांना कळवून राईड तिथेच सोडावी.