पंधरा सेकंदांत एकतीस शब्द

घरोघरच्या पाण्याच्या टाक्या धुऊन देणाऱ्या एका व्यावसायिकाला मोबाइलवर दिसेल अशी १५ सेकंदांची जाहिरात करायची आहे, असं धरून चालू. असा व्यावसायिक पहिल्यांदा जी संहिता लिहितो, ती बहुधा अशी असते:

‘नमस्कार! आम्ही घेऊन आलो आहोत तुमच्यासाठी खास टाकी स्वच्छता सेवा. गेली अनेक वर्षं विश्वासाचं नाव. आधुनिक यंत्रं, प्रशिक्षित कर्मचारी, वाजवी दर. सोसायट्या, बंगले, हॉस्पिटल, हॉटेल, सर्व प्रकारच्या टाक्या साफ करून मिळतील. खास सवलत. आजच संपर्क साधा.’

यात खोटं काही नाही. तरीही ही जाहिरात चालणार नाही. शब्द ३६ आहेत आणि त्यातले बरेच लांबलचक, त्यामुळे घड्याळ लावून नीट वाचली तर ती १५ सेकंदांत मावतच नाही. पण लांबीपेक्षा मोठा दोष क्रमाचा आहे. बघणाऱ्याच्या मनात अजून एकही प्रश्न आलेला नसताना ही संहिता उत्तरं देत सुटते.

१९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा समोरच्या प्रेक्षकाला एकच वाहिनी होती. जाहिरात रेंगाळली तरी तो फार तर पाणी प्यायला उठायचा आणि परत येऊन बसायचा. आजच्या प्रेक्षकाचा अंगठा काचेवरच असतो. यूट्यूबवर ज्या जाहिराती वगळता येतात, त्यांत पाचव्या सेकंदाला वगळण्याचं बटण येतं. इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही. म्हणून १५ सेकंदांची संहिता लिहिताना माणसाच्या मनात ज्या क्रमाने शंका येतात, तोच क्रम धरावा लागतो. मी हे का बघू? याचा माझ्याशी काय संबंध? हे खरं कशावरून? किती पडेल? आता मी काय करू? जाहिरातवाले या पाच उत्तरांना हुक, प्रॉब्लेम, प्रूफ, ऑफर आणि कॉल टू ॲक्शन म्हणतात. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याने जागी केलेली शंका मिटवतो. त्यातला एक जरी जागेवरून हलला, तरी उत्तर प्रश्नाच्या आधी येतं आणि वाया जातं.

तीच टाकीची जाहिरात या क्रमाने बांधून बघू.

पहिली अडीच सेकंदं हुकची. पडद्यावर टाकीच्या आतला तळ, त्यावरून फिरणारं पांढरं फडकं. हात वर येतो तेव्हा फडकं तपकिरी झालेलं असतं. आवाज म्हणतो, ‘हे फडकं आत्ता पांढरं होतं.’ इथे ‘नमस्कार’ नाही, नाव नाही, लोगो नाही. चांगल्या हुकमध्ये एखादी गोष्ट डोळ्यांसमोर घडत असते आणि तिचा अर्थ अर्धाच कळलेला असतो. फडकं कुठे फिरवलं, ते कशाने माखलं, हे कळेपर्यंत माणूस थांबतो. नुसतं दचकवून मात्र भागत नाही. कर्कश आवाज किंवा पडद्यावर आदळणारी अक्षरं नजर खेचतात, पण पुढच्या वाक्याशी त्यांचं नातं नसेल तर दुसऱ्या सेकंदाला मिळालेला प्रेक्षक चौथ्या सेकंदाला निघून जातो.

पुढची अडीच सेकंदं प्रॉब्लेमची. नळाखाली भरणारं पातेलं दिसतं. ‘याच टाकीतलं पाणी स्वयंपाकघरात येतं.’ पाचच शब्द, पण माखलेलं फडकं आता बघणाऱ्याच्या ओट्यापाशी आलं. अडचण सांगताना अनेकांचा हात सैल सुटतो. गाळ, शेवाळ, झुरळं, वास, आजार असं सगळं यादीसारखं येतं आणि त्यातलं एकही मनात उतरत नाही. एकच अडचण घ्यावी आणि ती घरातल्या एकाच जागी नेऊन ठेवावी. वगळण्याचं बटण दिसेल तेव्हा हुक आणि अडचण दोन्ही सांगून झालेली आहेत, हेही लक्षात घ्या.

आता प्रूफ, आणि त्याला पूर्ण चार सेकंदं. ‘टाकी धुतली. नवं फडकं, तोच तळ. पांढरंच राहिलं.’ मला संहितेचा हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि बहुतेक संहितांमधून तोच गायब असतो. त्याच्या जागी ‘विश्वासाचं नाव’, ‘सर्वोत्तम सेवा’, ‘हजारो समाधानी ग्राहक’ असे शब्द येतात. हे दावे झाले, पुरावे नव्हेत. ओळखायची खूण सोपी आहे: प्रतिस्पर्धी तेच वाक्य जसंच्या तसं वापरू शकत असेल, तर तो दावा. पुरावा बघणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो. इथे हुकमधलीच कसोटी पुन्हा घेतली आहे आणि फक्त निकाल बदलला आहे. त्यामुळे नवं काही समजावून सांगावं लागत नाही आणि दोन्ही दृश्यं एकमेकांना जोडली जातात. कॅमेरा त्याच कोनात, त्याच उजेडात ठेवावा. धुतल्यानंतरचं दृश्य जास्त झगझगीत उजेडात घेतलं, की बघणाऱ्याला लगेच संशय येतो आणि तो रास्तच असतो.

या पुराव्याची हद्दही लिहिणाऱ्याने ओळखायला हवी. फडकं पांढरं राहिलं म्हणजे तळावरचा गाळ गेला, एवढंच सिद्ध होतं. पाणी जंतुमुक्त झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून याच दृश्यावर ‘आता आजारांना निरोप’ असं वाक्य चढवणं ही फसवणूक होईल. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेचा आग्रहही हाच आहे, की जो दावा कराल तो सिद्ध करता आला पाहिजे. प्रयोगशाळेचा अहवाल हाती नसेल, तर जंतूंचं नाव काढू नये.

नवव्या सेकंदाला ऑफर. ‘हजार लिटरची टाकी, आठशे रुपये. वर एक पैसा नाही.’ किंमत इतक्या उशिरा का, असा प्रश्न नेहमी येतो. आठशे रुपये हा आकडा एकटा आला, तर तो खिशाशी ताडला जातो आणि महाग वाटतो. तपकिरी फडक्यानंतर आणि पांढऱ्या फडक्यानंतर आला, तर तो त्या दोन फडक्यांमधल्या फरकाशी ताडला जातो. आकडा तोच राहतो, तुलना बदलते. ऑफर म्हणजे सवलतच असली पाहिजे असंही नाही. घरी काम करून घेणाऱ्या माणसाची खरी धास्ती असते ती फोनवर एक दर आणि गच्चीवर गेल्यावर दुसरा, याची. ‘वर एक पैसा नाही’ हे चार शब्द ती धास्ती काढतात. दहा टक्के सवलतीपेक्षा मला त्यांचं वजन जास्त वाटतं. अर्थात ते पाळायचे असतील तरच लिहावेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत गिऱ्हाइकाला आमिषापुरता दर दाखवायचा आणि त्या दराने वस्तू किंवा सेवा द्यायची तयारीच नसायची, या प्रकाराला आळा घातलेला आहे. मर्यादा सांगणारी तळटीप दाव्याच्याच भाषेत असावी, असंही त्यांत आहे. मराठी जाहिरातीखाली इंग्रजीत बारीक अटी टाकून चालत नाही.

शेवटची दोन सेकंदं: ‘टाकीचा फोटो व्हॉट्सॲप करा.’ ‘आजच संपर्क साधा’ यात माणसाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. फोन करायचा, तर बोलायचं काय? फोटो पाठवणं हे एकच, छोटं आणि लाज न वाटणारं काम आहे. शिवाय त्या फोटोतून टाकीचा आकार आणि गच्चीवर जायची वाट व्यावसायिकाला घरबसल्या कळते. फोन करा, वेबसाइट पाहा, पेजला फॉलो करा अशा तीन विनंत्या एकदम केल्या, की बघणारा एकही करत नाही.

मोजून बघा: पाच, पाच, आठ, नऊ आणि चार, मिळून ३१ शब्द. सेकंदाला साधारण दोन. मराठीत ‘स्वयंपाकघरात’सारखा एक शब्द विभक्तीसकट बराच वेळ खातो, म्हणून इंग्रजी संहितांचे शब्दांचे हिशेब आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. शब्द ३५च्या पुढे गेले, तर बोलणारा धापा टाकतो किंवा संकलक मधल्या जागा कापतो. मग नेमका पुराव्याच्या वेळचा विराम नाहीसा होतो आणि फडकं पांढरं राहिलेलं बघायला डोळ्यांना वेळच उरत नाही. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून दर आणि व्हॉट्सॲप क्रमांक पडद्यावर लिहावा लागतो. या लिखित मजकुराला धंद्यात ‘सुपर’ म्हणतात. व्यवसायाचं नाव कुठे गेलं, ही काळजी मालकाला असतेच. ते टाकी धुणाऱ्याच्या शर्टावर पुराव्याच्या दृश्यात दिसेल आणि शेवटी क्रमांकासोबत येईल.

जाहिरात सुरू झाल्यावर दोष कुठे आहे, हेही क्रमावरूनच कळतं. किती लोक कोणत्या सेकंदापर्यंत थांबले, याचा आलेख फेसबुक आणि यूट्यूब दोन्ही देतात. रेषा पहिल्या दोन-तीन सेकंदांत कोसळली, तर हुक बदलायचा. पुढचं काहीच हलवायचं नाही, कारण पुढचं कुणी पाहिलेलंच नाही. तिसऱ्या ते पाचव्या सेकंदाला ती घसरली, तर हुकने बोलावलेली माणसं अडचणीशी जोडली गेली नाहीत. शेवटपर्यंत पाहणारे पुष्कळ आणि फोटो पाठवणारे मात्र नाहीत, तर ऑफर किंवा शेवटची विनंती तपासायची. फोटो भरपूर येतात पण काम ठरत नाही, असं झालं तर ऑफर संदिग्ध आहे: हजार लिटरच्या दरात पाच हजार लिटरची टाकी धुऊन मिळेल, असं लोकांना वाटलेलं असतं. एका वेळी एकच तुकडा बदलावा. दोन बदलले, तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

हा क्रम मोडायचे प्रसंगही आहेत. ज्याने ही जाहिरात आधी पूर्ण पाहिली आहे, त्याला पुन्हा गाठताना फडक्यापासून सुरुवात करायची गरज नाही. त्याची शंका किमतीपाशी अडलेली असते, म्हणून तिथे ऑफर पहिली. दिवाळीच्या तोंडावर ओळखीच्या दुकानातला सेल असेल, तरीही तसंच. आणि फ्लॅटसारखी मोठी खरेदी १५ सेकंदांत होत नाही. तिथे ऑफरच्या जागी दर न ठेवता साइट बघायला येण्याचं आमंत्रण ठेवावं.

संहिता लिहून झाली, की चित्रीकरणाचा खर्च करण्याआधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून ती मोठ्याने वाचा. मग धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला एकदाच ऐकवा आणि दोनच गोष्टी विचारा: किंमत किती होती, आणि करायचं काय होतं? दोन्ही उत्तरं न अडखळता आली, तरच कॅमेरा बाहेर काढा.