एका लाखाचे पाच लाख

समजा, तुम्ही बँकेत एक लाख रुपये रोख भरले. बँक त्यातले वीस हजार राखून ठेवते आणि ऐंशी हजार एका रिक्षावाल्याला कर्जाऊ देते. तो ते रिक्षा विकणाऱ्याला देतो आणि विक्रेता ते आपल्या खात्यात भरतो. तुमच्या पासबुकात अजूनही लाखच दिसतात, त्याच्या खात्यात ऐंशी हजार. नोटा तेवढ्याच, ठेवी मात्र एक लाख ऐंशी हजार! त्या ऐंशी हजारांतून पुढे चौसष्ट हजारांचं कर्ज निघतं. असं होत होत ठेवी जास्तीत जास्त पाच लाखांपर्यंत जातात, पण चार लाखांचं नवं कर्जही कुणाच्या तरी डोक्यावर असतं. लोकांनी पैसे घरात ठेवले किंवा कर्ज घ्यायलाच कुणी आलं नाही, तर ही साखळी आधीच थांबते.

सगळे ठेवीदार एकदम आले, तर कुठलीच बँक सगळ्यांना रोख देऊ शकत नाही. कर्जं बुडाली तर दुखणं आणखी खोल. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. त्याहून जास्त रक्कम एकाच बँकेत ठेवू नका.