नऊ तासांचे काम आणि त्याचा पल्ला: छोट्या हॉटेलच्या नियमपुस्तिकेचा मागोवा

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावात ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची सोय नव्हे, तर सकाळी पोहे-आलुबोंडे, दुपारी चहा-कचोरी आणि रात्री जेवणाचे ताट देणारे, सात-आठ जणांच्या हातांवर चालणारे उपाहारगृह होय. अशा ठिकाणी पगार, सुटी, खाडा आणि उचल या गोष्टी सहसा गल्ल्याजवळ उभ्याउभ्या ठरतात, आणि त्या कागदावर उतरवल्या की जी वही तयार होते तिला नियमपुस्तिका म्हणायचे. या वहीतील एकही कलम आज नव्याने सुचलेले नाही. कामाचे तास, रजा, शिस्त आणि तक्रार या चारही विषयांना कायद्याचा इतिहास आहे, फक्त त्या इतिहासाने छोट्या हॉटेलला कधी आत घेतले आणि कधी उंबऱ्याबाहेर ठेवले.

मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकाने व आस्थापना कायदा केला, तेव्हाच उपाहारगृहांतील नोकर त्याच्या कक्षेत आले. ‘आस्थापना’ म्हणजे जेथे मोबदला देऊन माणसे कामाला ठेवली जातात ते व्यवसायाचे ठिकाण, एवढाच त्या जड शब्दाचा अर्थ. वऱ्हाड त्या वेळी मुंबई प्रांतात नव्हता. मध्य प्रांत व वऱ्हाडाने आपला स्वतंत्र कायदा १९४७ मध्ये केला, आणि १९५६ ची प्रांतरचना व १९६० ची महाराष्ट्राची स्थापना यांनंतर विदर्भ मुंबईच्या १९४८ च्या सुधारित कायद्याखाली आला. तोही सरसकट नव्हे, कारण तो कायदा यादीतील गावांना आणि पुढे अधिसूचनेने जोडलेल्या गावांनाच लागू होत असे. ‘अधिसूचना’ म्हणजे राजपत्रात छापून जाहीर केलेला सरकारी आदेश.

१९४८ च्या कायद्याने उपाहारगृहांसाठी स्वतंत्र प्रकरण ठेवले होते, आणि ते लिहिणाऱ्याला हॉटेलचा धंदा ठाऊक असावा असे वाटते. पहाटे पाचपूर्वी ग्राहकांसाठी दार उघडायचे नाही आणि मध्यरात्री बारानंतर ते उघडे ठेवायचे नाही, असा मुख्य नियम होता. मात्र भट्टी पेटवायला आणि भांडी आवरायला वेळ लागतो हे ओळखून नोकराला आधी व नंतर अर्धा-अर्धा तास कामावर ठेवण्याची मुभा होती. रोजचे काम नऊ तासांचे, सलग पाच तासांनंतर तासाभराची विश्रांती आणि आठवड्याला एक पगारी सुटी, हा त्याचा गाभा.

या गाभ्याशेजारी आणखी एक कल्पना होती, जिच्याकडे नियमपुस्तिका लिहिताना हटकून दुर्लक्ष होते. काम सुरू झाल्यापासून ते संपेपर्यंतचा, मधली विश्रांती धरून होणारा एकूण काळ म्हणजे कामाचा पल्ला. दुकानात काम आणि पल्ला यांत फारसे अंतर पडत नाही, पण हॉटेलात गिऱ्हाईक सकाळी व रात्री येते आणि दुपार रिकामी जाते, त्यामुळे थोड्या तासांच्या कामासाठी माणूस दिवसभर अडकतो. म्हणूनच १९४८ च्या कायद्याने हॉटेलचा पल्ला दुकानापेक्षा लांब धरला होता. महाराष्ट्राचा २०१७ चा नवा कायदा त्या वर्षीच्या १९ डिसेंबरपासून अमलात आला, तेव्हा हे स्वतंत्र प्रकरण गेले. त्या कायद्याखालच्या सर्वांना एकच मोजमाप लागले: दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि एरवी साडेदहा तासांचा पल्ला.

या मोजमापाचा अर्थ एका कल्पित हॉटेलवरून नीट कळतो. समजा, रिठदच्या रस्त्यावर एक हॉटेल सकाळी सातला उघडते, रात्री दहाला बंद होते आणि तेथे सात जण कामाला आहेत. मालकाने प्रत्येकाला सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते दहा असे बोलावले, तर काम आठच तासांचे भरते आणि हजेरीपुस्तक निर्दोष दिसते, परंतु पल्ला पंधरा तासांचा होतो. शेजारच्या खेड्यातून येणारा कारागीर मधल्या सात तासांत ना धड घरी पोहोचतो, ना दुसरे काम धरू शकतो. याउलट साडेसहा ते तीन आणि दीड ते दहा अशा दोन पाळ्या लावल्या, प्रत्येकीत अर्धा तास विश्रांती दिली आणि पाळीला तीन माणसे धरली, तर आठच तासांचे काम साडेआठ तासांच्या पल्ल्यात बसते. रोज सहा माणसे म्हणजे आठवड्याला बेचाळीस हजेऱ्या लागतात, आणि सात माणसे प्रत्येकी सहा दिवस आली की नेमक्या बेचाळीसच होतात. सातवा माणूस रोज कोणाच्या तरी सुटीची जागा भरतो. हा हिशेब मोडतो तो आचाऱ्याच्या सुटीच्या दिवशी, कारण ताट लावणाऱ्याला रस्सा जमेलच असे नाही. म्हणून बदलीचा माणूस कढईपुढे उभा राहू शकणारा हवा, आणि त्याचा पगार त्या कामाच्या मानाने ठरवून पुस्तिकेत लिहिलेला हवा.

दुसरी चूक बेरजेची होते. दिवसाला नऊ तास चालतात म्हणून सहाही दिवस नऊ तास घेतले, तर आठवड्याचे चोपन्न होतात आणि अठ्ठेचाळीसच्या वरचे सहा तास जादा काम ठरतात, ज्याचा दर दुप्पट असतो. हिशेबापुरता महिना १३,००० रुपये पगार धरला आणि तो २६ दिवस गुणिले आठ, म्हणजे २०८ तासांनी भागला, तर तासाला साडेबासष्ट रुपये येतात. दुप्पट दराने सहा तासांचे साडेसातशे. ‘रोज नऊ तास’ एवढेच लिहिणारी पुस्तिका माणसामागे आठवड्याचे हे साडेसातशे रुपये नकळत गिळते.

रजेचा भाग जुन्या व नव्या कायद्यांत वेगळा दिसतो. पूर्वी वर्षात २४० दिवस काम केलेल्यास एकवीस दिवसांची पगारी रजा मिळे आणि ती बेचाळीस दिवसांपर्यंत साठवता येई. २०१७ नंतर वर्षाला आठ नैमित्तिक रजा, २४० दिवस भरल्यावर दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, आणि पंचेचाळीस दिवसांची साठवण अशी रचना झाली. तीनशे दिवस काम केलेल्याच्या खाती त्यामुळे पंधरा दिवस जमतात. शिवाय आठ पगारी सणसुट्या आहेत, त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या असून उरलेल्या चार मालक व कामगारांनी मिळून ठरवायच्या आहेत. या चार दिवसांतच गावाचे पंचांग पुस्तिकेत शिरते: वऱ्हाडात त्यांतला एक दिवस पोळ्याला द्यावा लागेल हे कोणी सांगायला नको. मात्र हॉटेलची खरी ओढाताण सणात नसून सोयाबीनच्या सोंगणीत होते, कारण तेव्हा शेतातली मजुरी हॉटेलच्या रोजीला मागे टाकू शकते आणि घरची दोन एकर असली तर जाणे भागच असते. सोंगणीच्या आठ-दहा दिवसांची रजा आधी सांगून, पाळीपाळीने आणि साठलेल्या रजेतून मिळेल, असे एक कलम असले तर एरवी ‘खाडा’ म्हणून कापली जाणारी गैरहजेरी रजेच्या खात्यावर येते.

शिस्तीच्या नियमांचे मूळ हॉटेलात नाही, कारखान्यात आहे. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याने मोठ्या आस्थापनांना ‘गैरवर्तन’ म्हणजे नेमके काय ते आगाऊ लिहून ठेवायला लावले, आणि शिक्षेपूर्वी आरोप लेखी कळवून म्हणणे ऐकून घेण्याची रीत रुजवली. छोट्या हॉटेलला तो कायदा कधीच लागू नव्हता, पण ती रीत उसनी घेण्याजोगी आहे. हॉटेलचे स्वतःचे नियम अन्नसुरक्षेच्या तरतुदींतून येतात: नखे कापलेली असावीत, स्वयंपाकघरात तंबाखू चघळू नये, हाताला चिघळलेली जखम असणाऱ्याने अन्नाला हात लावू नये. येथे एक बारकावा असा की, जखम सांगितली म्हणून रोजी बुडत असेल, तर माणूस जखम लपवील. म्हणून त्या दिवसांत त्याला गल्ल्यावर किंवा बाहेरच्या कामावर घेण्याचे कलम शिस्तीच्या नियमालगतच हवे.

दंडाबाबत १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने घातलेली मर्यादा पाहण्यासारखी आहे. एका पगाराच्या मुदतीत रुपयामागे अर्धा आणा, यापेक्षा अधिक दंड करता येत नसे. पुढे ही मर्यादा तीन टक्के झाली आणि वेतन संहितेतही तीच राहिली. वरच्या उदाहरणात ती महिन्याला ३९० रुपये भरते. दंड कोणत्या कृत्यांसाठी ते आधी जाहीर करावे लागते, माणसाला बाजू मांडू द्यावी लागते, आणि दंडाची रक्कम वहीत मांडून कामगारांच्याच हितासाठी खर्चावी लागते. फुटलेल्या कपबशीची भरपाई हा प्रकार दंडाहून निराळा: ती नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये आणि निष्काळजीपणा त्या माणसाचाच होता हे आधी विचारून ठरवावे लागते. ‘कप फुटला, शंभर कापले’ हे या कसोट्यांवर टिकत नाही. वयाचा नियम तर वाटाघाटीचा विषयच नाही: १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेले व चहाच्या टपऱ्यांवर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आहे, आणि ‘पोऱ्या’ हा शब्द त्या दिवसापासून नियमपुस्तिकेत बसत नाही.

तक्रारीचा भाग सर्वांत उशिरा आला आणि छोट्या हॉटेलपर्यंत सर्वांत कमी पोहोचला. औद्योगिक विवाद कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीने वीस वा अधिक कामगारांच्या ठिकाणी दोन्ही बाजूंचे समान सदस्य असलेली तक्रार निवारण समिती आवश्यक केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही वीसचीच अट राहिली. राज्याचा २०१७ चा कायदा दहा कामगारांपासून लागू होता, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा वीसवर नेण्यास आणि रोजचे काम नऊऐवजी दहा तास करण्यास मान्यता दिली. सात जणांचे हॉटेल अशा रीतीने तासांच्या व रजेच्या नियमांतूनही सुटले आणि समितीतूनही. मजुरीचे नियम तेवढे संख्येची अट न पाहता त्याच्यावर राहिले. म्हणून तेथील पुस्तिकेत नऊ तास, साडेदहा तासांचा पल्ला किंवा दर वीस दिवसांमागे एक रजा लिहिली, तर ती मालकाने स्वीकारलेली अट ठरते आणि तसे तीत स्पष्ट म्हणावे लागते, नाहीतर पहिल्याच भांडणात ‘आम्हाला कायदा लागू नाही’ हे उत्तर तयार असते.

अशा ठिकाणी समितीऐवजी तक्रारवही असते, तिचे दोन-तीन नियम पुरतात. तक्रार तारखेसह लिहायची, लिहिता न येणाऱ्याची दुसऱ्याने लिहून वाचून दाखवायची, मालकाने सात दिवसांत त्याच पानावर उत्तर लिहायचे, आणि तक्रार मालकाविरुद्ध किंवा त्याच्या घरच्या माणसाविरुद्ध असेल तर दोघांना मान्य असलेल्या बाहेरच्या व्यक्तीपुढे ठेवायची. त्यानेही न सुटलेला पगाराचा वाद जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाकडे जातो. वर्षभर वही कोरी आणि त्याच वर्षात तीन माणसे न सांगता निघून गेली, तर वही गल्ल्याखाली बंद आहे असे खुशाल समजावे.

स्त्रीचा लैंगिक छळ हा विषय या वहीत लिहायचा नसतो. २०१३ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती ठेवली आहे, मालकाविरुद्धची तक्रारही तिच्याकडेच जाते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत ती लेखी द्यावी लागते. वाशीमच्या त्या समितीचा पत्ता पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापावा, आणि तेच पान भांडी घासण्याच्या जागेजवळच्या भिंतीवरही चिकटवावे, कारण गल्ल्यासमोर उभे राहून तो पत्ता कोणी उतरवून घेणार नाही.