ताटातली डावी बाजू

सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. अशाच एका घरातलं जोडपं नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणू. तो सहासष्ट वर्षांचा, उभं आयुष्य लूमच्या खात्यात गेलेला. ती एकसष्ट वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली आणि डावा हात-पाय लुळा पडला. आंघोळ, कपडे, संडास, गोळ्या, सगळं आता तिच्याकडे.

जेवण झाल्यावर ती ताट उचलते, तेव्हा उजवीकडची भाजी संपलेली असते. डावीकडचा ठेचा आणि लिंबाची फोड मात्र जिथल्या तिथे. त्याला आता तिखट चालत नाही असं समजून दुसऱ्या दिवशी ती ठेचा वाढतच नाही. खरं कारण वेगळं असतं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की अनेकांचं डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असतात, पण ती बाजू हिशेबातून गळते. असा माणूस दाढी उजव्या गालाचीच करतो आणि दाराच्या डाव्या चौकटीला धडकतो. ताट फिरवून ठेचा उजवीकडे आणला, की तो मिटक्या मारत खातो.

आता खाटेकडे पाहू. पुढच्या खोलीत खाट भिंतीला लावलेली आहे, भिंत त्याच्या उजव्या हाताला. मोकळी बाजू डावी, आणि तिचं अंथरूण त्याच बाजूला खाली. रात्री ती त्याच्या डाव्या हातावर हात ठेवते. तो वळत नाही, बोट हलवत नाही. दोन-तीनदा असं झालं की ती हात काढून घेते आणि मनाशी धरते, की यांना आता माझी गरज उरली ती फक्त कामापुरती.

आजारपणानंतर नवराबायकोत अंतर पडतं ते वयामुळे किंवा माया आटल्यामुळे, हा पहिला आणि सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. या घरात अंतर खाटेच्या दिशेचं आहे. खाट उलटी फिरवली किंवा नुसती उशी पायथ्याशी नेली, की मोकळी बाजू उजवीकडे येते. तिचा स्पर्श त्याला जाणवतो, आणि धडधाकट हाताने तो तिला जवळही घेऊ शकतो. खाटेवरून उतरायलाही त्याला हीच बाजू सोपी पडते. यात एक अडचण आहे. डावीकडे लक्ष वळावं म्हणून फिजिओथेरपिस्ट मुद्दाम त्या बाजूने बोलायला सांगतात. तो व्यायाम दिवसा करावा. जवळ बसण्याच्या वेळी परीक्षा कशाला?

दुसरी गोष्ट आवाजाची. बोलण्यातले चढउतार, चेहऱ्यावरचा लाडिकपणा, समोरच्याच्या सुरातला रुसवा ओळखणं, या कामांत मेंदूच्या उजव्या भागाचा मोठा वाटा असतो. तिथे इजा झालेला माणूस ‘जेवलीस का?’ हे हिशेब विचारल्यासारखं विचारतो. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दिसतं, पण त्याचा अर्थ लागत नाही. चाळीस वर्षं जे नुसत्या नजरेने भागत होतं, ते आता शब्दांत सांगावं लागतं: ‘माझ्याजवळ बसा, मला बरं वाटेल.’ अवघड जातं, पण उपयोग होतो. उदासीनतेचं दुसरं कारणही तपासायला हवं, कारण लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. त्यावर उपचार आहेत.

संबंध आले की पुन्हा झटका येईल, ही भीती दोघांनाही असते आणि दोघेही ती बोलत नाहीत. नेहमीच्या जोडीदाराबरोबरच्या संबंधांत हृदयावर पडणारा ताण बहुतेकांच्या बाबतीत दोन जिने चढण्याइतका असतो. बीपी आटोक्यात असेल, प्रकृती स्थिर असेल, तर या कारणाने दुसरा झटका येण्याचा धोका कमी असतो. अपवाद आहेत. मेंदूत रक्तस्राव झाला असेल, फुगलेल्या रक्तवाहिनीवर उपचार व्हायचे असतील किंवा थोड्या श्रमाने छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्यायची. लुळ्या पायाच्या माणसाला जिन्याची कसोटी लावताच येत नाही, म्हणून त्याचा अंदाज डॉक्टरांनीच घ्यावा.

ताठरता येत नाही म्हणजे संपलं, हेही घाईचं अनुमान. मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार, बीपीच्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. गोळी बदलून मिळते. मात्र स्वतःच्या मनाने बीपीची गोळी बंद करणं म्हणजे खऱ्या झटक्याला आवतण. मेडिकलवरून परस्पर आणलेली सिल्डेनाफिलची गोळीही धोक्याची. छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी चालू असेल, तर दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतेल इतका खाली जातो.

तिच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. सकाळी ज्या अंगाची घाण काढली, रात्री त्याच अंगाजवळ ओढ वाटावी, हे मनाला सहज जमत नाही. ‘नवरा की लेकरू’ असा गोंधळ उडतो आणि त्याची तिला लाज वाटते. हा प्रेमाचा अभाव नव्हे, दोन भूमिकांचा घोळ आहे, आणि त्याचा थोडा भाग कामाच्या वाटणीने सुटतो. आंघोळ आणि संडासाचं काम मुलाने किंवा पगारी माणसाने केलं, तर तिचा हात दर वेळी कामाचाच राहत नाही. पाळी गेल्यावर येणाऱ्या कोरडेपणाने तिला दुखत असेल, तर पाण्यावर आधारित वंगण किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाने दिलेलं मलम चालतं. आणि तिला नको असेल, तर नको. सेवा करते म्हणून तिच्यावर याचंही बंधन येत नाही. काहींच्या बाबतीत मेंदूच्या इजेने आवर सुटतो आणि मागणी वाढते. तेव्हा ती सोसत बसायची नाही, डॉक्टरांना सांगायची.

दोघांनाही हवं असेल, तर वेळ सकाळची किंवा दुपारच्या विश्रांतीनंतरची बरी. लकव्यानंतरचा थकवा संध्याकाळी गाठतो. आधी लघवी करून घ्यावी. एका कुशीवर समोरासमोर झोपलं की श्रम कमी पडतात. तो लुळ्या बाजूवर निजला तर चांगला हात मोकळा राहतो, पण खांदा थोडा पुढे घेऊन उशीचा आधार हवा. लुळा हात धरून कधीच ओढू नये, खांदा निखळतो. खांदा दुखत असेल तर ही कूस टाळावी. नुसतं बिलगून पडून राहिलं तरी ते अर्धवट राहिलेलं काही नसतं.

एकाच खोलीत मुलगा, सून, नातवंडं असली की दाराला कडी लावणं हाच मोठा प्रश्न. इथे सुनेची समज लागते. दुपारी तासभर कुणी आत येणार नाही, एवढं ठरलं तरी पुरतं.

डॉक्टर हा विषय स्वतःहून काढतील, ही आशा जगात कुठेच फारशी खरी ठरलेली नाही. अमेरिकेत 57 ते 85 वर्षं वयाच्या सुमारे तीन हजार लोकांची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी कधीतरी बोललेले पुरुष 38 टक्के निघाले, आणि स्त्रिया 22 टक्के. सुरतेत त्यात भाषेची भर. घरात अहिराणी, दवाखान्यात गुजराती, आणि या गोष्टीसाठी दोन्हीकडे चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द नाही. बाईला सोपं जातं ते एवढंच विचारणं: ‘साहेब, आम्ही एकत्र झोपलो तर चालेल का? आणि यांच्या कुठल्या गोळीने त्यात अडचण येते का?’ सोबत गोळ्यांची पूर्ण पिशवी न्यावी, छातीत दुखण्याच्या गोळीसकट.